मदत हवी आहे : सांगितलेल्या उत्पन्नातली चूक आणि दबलेला गुणांक

420 कुटुंबांच्या सर्वेक्षणात मुलांच्या शिक्षणखर्चाचा लॉग उत्पन्नाच्या लॉगवर रिग्रेस केला. इतर चलं नाहीत. गुणांक 0.30 आला. उत्पन्न लोकांनी तोंडी सांगितलेलं, त्यामुळे तो शून्याकडे दबलेला असणार.

सहा महिन्यांनी त्याच घरांत गेल्या वर्षाचंच उत्पन्न पुन्हा विचारलं. दोन्ही उत्तरांचा सहसंबंध 0.60, प्रसरण जवळपास सारखं. दुसरं उत्तर साधनचल म्हणून वापरलं तर गुणांक 0.50 होतो.

पण चुका यादृच्छिक वाटत नाहीत. तोच माणूस दोन्ही वेळा तेच विसरत असेल, तर 0.50 सुद्धा कमीच. उलट श्रीमंत घरं कमी आणि गरीब घरं जास्त सांगत असतील, तर 0.50 खऱ्यापेक्षा फुगलेला. माझ्याकडे बहुधा दोन्ही एकत्र आहे.

एकूण घरखर्च साधनचल म्हणून चालणार नाही, कारण शिक्षणखर्च त्यातच येतो. पुन्हा गावी जाणं शक्य नाही.

फक्त 40 पगारदार घरांच्या पगारचिठ्ठ्या आहेत, बाकी बहुतेक शेतकरी. या 40 घरांवरून चुकांचा खऱ्या उत्पन्नाशी असलेला संबंध काढून शेतकऱ्यांना लावणं मला पटत नाही. मग 0.50 ला निदान वरची किंवा खालची मर्यादा म्हणता येईल, असं कोणतं गृहीतक इथे टिकेल?