टीपीएला मेल: कागदापुढे तारीख हवी

"आरोग्य विम्याच्या क्लेमसाठी डिस्चार्जचे कागद टीपीएला दोनदा पाठवले, तरी 'डॉक्युमेंट पेंडिंग'च दाखवते. आता मेलमध्ये काय लिहू?"

टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेमचे कागद तपासणारी संस्था. तिला कडक भाषेत मेल लिहा असं काही जण सांगतात, पण तेवढ्यानं भागत नाही. क्लेम निकाली काढायची मुदत शेवटचा आवश्यक कागद पोचल्यापासून मोजतात, म्हणून प्रत्येक कागदापुढे पोचल्याची तारीख टाका. वणीच्या आमच्या मामांसाठी मी असं लिहिलं होतं: "डिस्चार्ज कार्ड, फायनल बिल व पावत्या ४ जूनला कुरिअरने पोचल्या, पोच सोबत जोडली आहे. १८ जूनला आपण मागितलेलं दवाखान्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र २१ जूनला मेल केलं. आणखी काही हवं असल्यास एकदाच लेखी कळवा; नसल्यास २१ जून ही शेवटच्या कागदाची तारीख धरावी." तालुक्याच्या छोट्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड हातानंच लिहिलेलं असते, त्यावर शिक्का, नोंदणी क्रमांक, भरती-सुट्टीची वेळ नसली की तेच कार्ड पुन्हा मागतात. ते आधी पाहून घ्या.

मेल जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, विषयात क्लेम नंबर ठेवा आन् विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सीसी करा. टीपीए फक्त कागद तपासते, मंजुरी अन् पैसे कंपनीचे. तिथूनही उत्तर नाही आलं तर विमा नियामक आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' हे तक्रारीचं पोर्टल आहेच.