मदत हवी आहे: 25 टक्के धरून ड्युट्या लावल्या, लेबर कॉस्ट 40 वर कशी गेली?

शेगडी: माझ्या हॉटेलची पुढच्या आठवड्याची ड्युटी लिस्ट आज रात्रीच लावायची आहे. मागच्या आठवड्याला अंदाजे विक्री 4,00,000 धरली, तिचे 25 टक्के 1,00,000, तासाचा सरासरी पगार 100, म्हणून 1000 तास वाटले. विक्री अंदाजाइतकीच झाली, ओव्हरटाइम शून्य, तरी लेबर विक्रीच्या 40 टक्के! किती तास कापू?

खातेवही: विक्री कर वगळून घेतली का? महिन्याच्या पगारावर कोण आहे? 100 मध्ये भरपगारी रजा, विमा धरलाय?

शेगडी: कर वगळूनच. मॅनेजर आणि मुख्य कुक महिन्यावर आहेत, दोघांचे मिळून आठवड्याला 40,000. ते तासांत येतच नाहीत ना, म्हणून सोडले. रजा-विमा धरून तास 120 ला पडतो.

खातेवही: मग 40 बरोबर आहे. 1000 तासांचे 1,20,000, वर ते 40,000. विक्रीशी ताडताना दोघांचे पगार मोजले जातात, तास वाटताना तुम्ही मोजले नाहीत. 1,00,000 मधून आधी 40,000 बाजूला काढा, उरलेल्याला 120 ने भागा. 500 तास.

हजेरीपट: बोटाच्या ठशाचं मशीन लावा, हजेरीतली गडबड थांबते.

शेगडी: हजेरी चोख आहे हो!

गल्ला: सगळ्यांचे तास सरसकट निम्मे करा. आणि रोज दुपारी टक्का बघा, 25 च्या वर दिसला की माणसं घरी पाठवा.

पहिली_पाळी: गल्ला, रोज बघणं ठीक, पण मंद दिवशी टक्का चढणारच. गिऱ्हाईक नसलं तरी शेगडीवर, काउंटरवर माणूस लागतो. शेगडी, रिकाम्या वेळीही किमान किती माणसं?

शेगडी: पाच. रोज 10 तास, सातही दिवस. तयारी आणि साफसफाईचे आठवड्याला 70 तास वेगळे.

पहिली_पाळी: म्हणजे 350 अधिक 70, 420 तास हलणार नाहीत. हातात उरले 80. मागच्या चार आठवड्यांची बिलं तासवार काढा आणि जिथे ऑर्डर तुंबतात तिथेच ते घाला. विक्री 3,20,000 वर आली तर याच सूत्राने 333 तास निघतील. तेवढ्यात दार उघडं ठेवता येत नाही. तेव्हा 420 च लावा, टक्का 28 च्या आसपास जाईल, तो मान्य करा. असे आठवडे वारंवार आले तर उघडण्याची वेळ कमी करावी लागेल.

गल्ला: 28 मान्य केला की 30 होतो. लेबर आणि मालाचा खर्च मिळून 60 च्या आत हवा. माल किती टक्के?

पहिली_पाळी: तो वेगळा धागा होईल.

शेगडी: 500 वर लिस्ट लावतोय. शनिवार-रविवारी संध्याकाळी मी स्वतः काउंटरला असतो, पगार घेत नाही. माझे तास त्या पाचांत धरायचे का?

खातेवही: धरा, आणि 120 ने खर्चातही दाखवा. नाहीतर टक्का खोटा कमी दिसेल.

गल्ला: मालकाचा पगार जात नाही, तर खर्च कसला?