अनोळखी ग्राहकाला फोन: आधी वेळ मागायची की आधी कारण सांगायचं?

भोसरीचा_नवा_भिडू

आमची छोटी फर्म कारखान्यांतल्या कॉम्प्रेस्ड एअरच्या लाइनीतली गळती शोधून देते. माझं काम चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या मेंटेनन्स हेडना फोन करून भेटीची वेळ घेणं. साहेबांनी दिलेली सुरुवात अशी: "गुड मॉर्निंग सर, मी अमुक एअर सोल्युशन्समधून बोलतोय, आम्ही गेली पंधरा वर्षं या क्षेत्रात आहोत, आपल्याकडे दोन मिनिटं आहेत का?" बहुतेक जण 'आहेत का' पूर्ण व्हायच्या आत "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतात. 'बुधवारी येऊ की गुरुवारी' असं विचारायलाही सांगितलंय. पहिल्या पंधरा सेकंदांत सुरुवात कशी करू आणि भेट कशी मागू?

स्क्रू_आणि_पिस्टन

मी कॉम्प्रेसर विकण्यातच केस पांढरे केलेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या वाक्यात समोरच्याच्या उपयोगाचं काहीच नाही. कंपनीचं नाव त्याला माहीत नाही आणि पंधरा वर्षांशी त्याला देणंघेणं नाही. एवढं ऐकवून लगेच दोन मिनिटं मागितली, तर तो कशासाठी देईल? नाही म्हणायची सोय तुम्हीच करून दिलीत. पंधरा सेकंदांत शांतपणे बोललं तर पस्तीस-चाळीस शब्द बसतात. त्यात तीनच गोष्टी यायला हव्यात: मी कोण, आपली ओळख नाही हे कबूल, आणि त्याला स्वतःच्या शॉपफ्लोअरवरून उत्तर देता येईल असा एक प्रश्न. असं काहीसं:

"नमस्कार सर, मी भोसरीहून अमुक बोलतोय. आपली ओळख नाही, पहिल्यांदाच फोन करतोय. आम्ही प्रेस शॉपमध्ये एअरची गळती मोजतो. एकच विचारायचं होतं, सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद असताना तुमचा कॉम्प्रेसर लोड होतो का?"

आणि गप्प. इथेच नवी मुलं घाबरून पुढचं वाक्य टाकतात आणि प्रश्न वाया जातो. त्याला आठवू द्या.

हाच प्रश्न का? सगळी मशीन बंद म्हणजे हवेचा वापर शून्य. तरीही कॉम्प्रेसर लोड होत असेल, म्हणजे पुन्हा हवा भरत असेल, तर ती हवा गळतीतूनच चाललीय. हे मेंटेनन्सवाल्याला समजावून सांगावं लागत नाही, प्रश्न ऐकला की कळतं. आणि तुम्हाला काम माहीत आहे हेही त्याला त्यातूनच कळतं.

तिसरी_पाळी

मी फोन उचलणाऱ्यांपैकी आहे. ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. स्क्रू दादा, तुमचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण मला तो आवडला नसता. गळती म्हणजे माझ्याच खात्यातली ढिलाई. अनोळखी माणसाने पहिल्याच वाक्यात ती काढली, तर मी "आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे" म्हणणार. खरं काय ते मला माहीत असूनही.

दुसरं म्हणजे, मी मशीनखाली वाकलेला असताना फोन आला आणि समोरच्याने "सर, आवाज येतोय, कामात आहात का?" एवढं विचारलं, तर मी "चारनंतर कर" म्हणतो आणि चारनंतर खरंच बोलतो. वेळ विचारणं ही साधी रीत आहे. ती सोडून थेट प्रश्न फेकणारा माणूस मला उद्धट वाटतो.

टार्गेट_तोडणारा

हे सगळं भावनिक झालं. आकडे बघा. गाँग नावाच्या अमेरिकी कंपनीने नव्वद हजारांवर कोल्ड कॉल तपासले. 'चुकीच्या वेळी फोन केला का' असं विचारणाऱ्यांना मीटिंग कमी मिळाल्या, फोनचं कारण सांगणाऱ्यांना जास्त. आणि सगळ्यांत भारी निघालं 'हाऊ हॅव यू बीन', म्हणजे 'इतके दिवस कसे आहात?' असं विचारणं. तेव्हा भावा, सरळ "नमस्कार सर, कसे आहात?" ने सुरू कर. परवानगी कधीच मागू नकोस. आणि 'बुधवारी की गुरुवारी' बरोबर आहे, दोन्हीकडून होच येतो.

स्क्रू_आणि_पिस्टन

टार्गेट भाऊ, कारण सांगण्याबद्दल तुमचं पटतं. पण 'कसे आहात' इकडे उचलू नका. तो अभ्यास अमेरिकेतल्या इंग्रजी कॉलचा. आपल्याकडे अनोळखी नंबरवरून "कसे आहात सर?" आलं की पर्सनल लोनवाला आला हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं.

आणि 'बुधवारी की गुरुवारी' विचारताना पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारी असते, एवढं तरी ध्यानात ठेवा. मेंटेनन्स हेडला गुरुवारी मीटिंग मागितली की हा पोरगा इथला नाही, यादी बघून फोन फिरवतोय, हे त्याला लगेच समजतं.

तिसरी पाळी साहेब, तुमचा मुद्दा मात्र रास्त आहे. प्रश्नात दोष लागता कामा नये. मग असं म्हणावं: "बहुतेक प्रेस शॉपमध्ये सुट्टीच्या दिवशीही कॉम्प्रेसर मधूनमधून लोड होतो. तुमच्याकडे असं दिसतं का?" सगळीकडेच होतं म्हटल्यावर कबूल करायला जड जात नाही.

तिसरी_पाळी

हे चालेल. यावर मी "हो, होतो की" म्हणालो असतो.

रिसेप्शनवरून

तुम्ही सगळे धरून चाललाय की फोन थेट साहेबांकडे जातो. बोर्ड नंबरवर तो आधी माझ्याकडे येतो. "मेंटेनन्स हेडशी बोलायचंय, पर्सनल आहे" म्हणणाऱ्याला मी कधीच जोडत नाही. "कॉम्प्रेसरच्या गळतीबद्दल आहे, कोणाशी बोलू?" म्हणणाऱ्याला निदान युटिलिटीच्या माणसाकडे देते. आणि सकाळी साडेनऊच्या आसपास करू नका, तेव्हा सगळे प्रॉडक्शन मीटिंगला असतात.

अजून एक. कुठून तरी मिळवलेल्या खासगी मोबाइलवर फोन करणं टाळा. नंबर डीएनडीत असेल आणि तुम्ही साध्या नंबरवरून विक्रीसाठी फोन केलात, तर १९०९ वर तक्रार करता येते. तक्रारी साचल्या तर तुमचाच नंबर बंद होऊ शकतो. शिवाय ट्रूकॉलरवर लोकांनी स्पॅम म्हणून मार्क केलं की पंधरा सेकंदांचा प्रश्नच उरत नाही, कोणी उचलतच नाही.

विमा_ताई_नाशिक

मी विम्याचं काम करते. माझ्या अनुभवात अनोळखी माणसाला फोनच करू नये. ओळखीच्या कोणाकडून नाव घ्यावं, आधी व्हॉट्सॲपवर शुभेच्छा, मग फोन, आणि "चहाला येते" म्हणावं. लोक माणूस बघतात. गळतीबिळती नंतर.

स्क्रू_आणि_पिस्टन

ताई, घरगुती ग्राहकाला ते लागू आहे. कारखान्यात "चहाला येतो" म्हटलं तर गेटपास कशासाठी करायचा हा पहिला प्रश्न. ओळखीचं नाव असेल तर ते पहिल्या वाक्यात जरूर घ्यावं, पण ज्याचं घेतोय त्याला आधी विचारून. शेजारच्या प्लॉटमधला माणूस लगेच फोन लावून खात्री करतो.

आता भेटीबद्दल. माझं मत असं की 'मीटिंग' मागूच नका. मीटिंग म्हणजे त्याच्या दृष्टीने अर्धा तास तुमचं प्रेझेंटेशन ऐकणं. मोजणी मागा. तो "हो, लोड होतो" म्हणाला की असं:

"सर, सगळं बंद असताना अर्धा तास मिळाला तर कॉम्प्रेसर किती वेळ लोड आणि किती वेळ अनलोड राहतो ते घड्याळ लावून मोजतो. तुमचा एक फिटर सोबत द्या, आकडे तुमच्याच वहीत लिहू. गळती किरकोळ निघाली तर तसं सांगून मी परत जातो. पुढच्या गुरुवारी जमेल का?"

इथे गुरुवार बरोबर आहे, कारण कामच बंद लाइनवरचं आहे. हिशोब त्याच्यासमोर होतो. समजा ७५ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर २ मिनिटं लोड आणि ६ मिनिटं अनलोड राहिला. आठातली दोन मिनिटं, म्हणजे क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतेय. एकच फेरी बघून थांबू नका, चार-पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. २५ टक्के म्हणजे ढोबळ १९ किलोवॅट. वर्षाला ६००० तास आणि ८ रुपये युनिट धरलं तर नऊ लाखांच्या आसपास. पण हा आकडा फोनवर सांगू नका. न बघता 'तीस टक्के बचत' म्हणणारे रोज फोन करतात. मोजून झाल्यावर तोच माणूस हा आकडा प्लँट हेडकडे घेऊन जातो, आणि तुमची खरी मीटिंग तेव्हा ठरते.

तिसरी_पाळी

गुरुवारबद्दल थांबा. लोकांना वाटतं सुट्टी म्हणजे आम्ही मोकळे. उलट प्रॉडक्शन बंद म्हणून सगळी पीएमची, म्हणजे ठरलेल्या देखभालीची, कामं त्याच दिवशी असतात. पोरं एअर गनने मशीन साफ करत असतात, म्हणजे हवेचा वापर चालूच. त्या वेळी मोजलेला आकडा खोटा येईल, आणि पुढे गळती बुजवूनही बिल तेवढं उतरलं नाही तर बोलणी मला बसतील. मागायचंच तर सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मागा. "गुरुवारी सकाळी साडेसातला, तुमचं पीएम सुरू व्हायच्या आत" म्हणणाऱ्याला मी नाही म्हणणार नाही. याला आमचा दिवस माहीत आहे, हे त्यातून कळतं.

स्क्रू_आणि_पिस्टन

अगदी. हे नव्या भिडूने लिहूनच ठेवावं.

आणि प्रश्न कुठे चालत नाही तेही सांगतो. व्हीएफडी कॉम्प्रेसर असेल तर तो वेग कमी-जास्त करतो, लोड-अनलोड तसं दिसतच नाही. समोरचा म्हणाला "आमच्याकडे व्हीएफडी आहे", तर अडखळू नका. "मग मशीन बंद असताना पॅनलवर किती किलोवॅट दिसतात, ते बघितलंय का?" असं विचारा. बरेच जण म्हणतात, बघावं लागेल. भेटीचं कारण तिथेच मिळालं.

टार्गेट_तोडणारा

पण प्रत्येक फोनला एवढा विचार करत बसला तर दिवसाचे कॉल होणार किती? साहेब आकडाच विचारतात.

रिसेप्शनवरून

तुमच्यासारख्यांचे फोन मी आवाजावरून ओळखते, भाऊ. तीच सुरुवात, तीच घाई.

भोसरीचा_नवा_भिडू

आज हे करून पाहिलं. एक साहेब म्हणाले "हो, होतो, पण मेल पाठवा". मी मेल पाठवतो म्हणून फोन ठेवला. इथे काय म्हणायला हवं होतं?

स्क्रू_आणि_पिस्टन

'हो, होतो' म्हणाल्यावर मेलवर सोडायचं नाही. "पाठवतो सर. कॉम्प्रेसर किती किलोवॅटचा आहे ते सांगता का, म्हणजे तेवढंच लिहितो?" असं विचारायचं. त्याने क्षमता सांगितली की मेलमध्ये तीन ओळी: त्याने सांगितलेली क्षमता, मोजणी कशी करणार, आणि गुरुवार सकाळ साडेसात. विषयाच्या जागी कंपनीचं नाव नको, 'सुट्टीच्या दिवशी लोड होणारा कॉम्प्रेसर' असं लिहा. त्यांना आज मेल करा, परवा फोन करा.

तिसरी_पाळी

परवाच्या फोनला तरी आधी "आत्ता बोलू का?" विचारा. यावर माझं आणि स्क्रू दादांचं जमणार नाही.

स्क्रू_आणि_पिस्टन

दुसऱ्या फोनला विचारायला माझी काहीच हरकत नाही, साहेब. तोवर फोन कशाबद्दल आहे ते त्याला माहीत असतं. पहिल्या फोनबद्दल मात्र मी अजून तिथेच आहे: मागे मशीनचा आवाज येत असेल तरच विचारावं, एरवी आधी कारण.