चालू प्रसंगात फ्लॅशबॅक: ठेवावा का, आणि ठेवला तर कुठे?

सायली_त
कथेतला प्रसंग असा. दुय्यम निबंधक कार्यालय. वडिलांच्या घरावरचा हक्क सोडायला सुमन आलीय, सोबत धाकटा भाऊ वसंता आणि त्याची बायको. टोकनची वाट बघणं, मग टेबलावर बोलावणं, फोटो, अंगठा. अंगठ्याच्या वेळी सुमन हात मागे घेते. का, हे कळायला वीस वर्षांपूर्वीची गोष्ट लागते. वसंताच्या डिप्लोमाच्या फीसाठी आईने सुमनच्या लग्नाच्या पाटल्या मोडल्या आणि 'या घरात तुझा वाटा राहील' असा शब्द दिला. हे मी ती बाकावर बसते तिथेच घातलंय, चारेकशे शब्द. वाचणारे म्हणतात, तिथे गाडी थांबते. काय करू?

रानवारा
निमित्त नाही ना, म्हणून. बाकावर बसली आणि आठवलं, असं कुठे असतं? वहिनीच्या हातात पाटल्या दाखवा. त्या किणकिणल्या की सुमन मागे जाईल. वास, आवाज, वस्तू यांतलं काहीतरी हवंच.

अनघा दे.
माझं मत उलट आहे, फ्लॅशबॅकच काढा. वाट बघताना वसंता सहज म्हणू दे, 'ताई, तुला कधी काही कमी पडू दिलं का?' सुमन उत्तर देत नाही, स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडे बघते. वाचक काही कुक्कुलं बाळ नाही. चारशे शब्दांचं काम दोन ओळींत होतं आणि टोकनचे आकडेही पुढे सरकत राहतात.

मुळेकाका
रानवारा, निमित्ताने आत जायचं दार मिळतं. पण आत काय आहे हे आपल्याला का बघायचंय, ते निमित्त सांगत नाही. किणकिणणाऱ्या पाटल्या बाकावरच ठेवल्यात तर तीच अडचण येईल, फक्त आवाज करत येईल.

दिवाळी अंकासाठी बरीच वर्षं कथा वाचतोय. गाडी लांबीमुळे थांबते असं मला वाटत नाही. बाकावर वाचकाच्या मनात अजून प्रश्नच उभा राहिलेला नाही. बहीण सही करायला आलीय, करेल. अशा वेळी जुनं काही सांगाल तर ती नुसती माहिती होते. तोच मजकूर ऑपरेटरने अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवल्यानंतर आणि तिने हात मागे घेण्याआधी आला, तर वाचक तो ओढीने वाचतो, कारण उत्तर अडलेलं असतं.

'ओडिसी'च्या 19व्या सर्गात हेच आहे. वेश पालटून आलेल्या ओडिसियसचे पाय म्हातारी दाई धुते, तिचा हात मांडीवरच्या जुन्या व्रणावर जातो आणि ती त्याला ओळखते. तिथेच कवी थांबतो. व्रण कसा झाला, आजोळी गेलेला असताना रानडुकराची शिकार कशी झाली, अशा सत्तरेक ओळी. मग म्हातारीच्या हातून पाय सुटतो, परात कलंडते, पाणी सांडतं. ओळख पटल्यावर ती ओरडणार का, हे अधांतरी ठेवून त्याने सगळं सांगितलं.

पडद्यामागचा बंड्या
आमच्या एकांकिकेत हाच लोचा झाला होता. फ्लॅशबॅकला निळा स्पॉट मारायचो, बाकीचे फ्रीझ. परीक्षक म्हणाले, फ्रीझमध्ये लोक डोळे मिचकावतात. मग मागच्यांना हळूहळू हालचाल दिली. तुम्हीही कार्यालयातले लोक हलते ठेवा.

सायली_त
बंड्या, ही वाचायची कथा आहे हो, स्पॉट कुठून आणू! काका, अंगठ्याच्या जागी हलवून बघते.

अनघा दे.
काका, दाखला तुमच्यावरच उलटतो. आउअरबाखच्या 'मिमेसिस' (1946) या पुस्तकातला पहिलाच लेख या व्रणावर आहे. त्याचं म्हणणं, होमरला तिथे ताण वाढवायचाच नाहीये. शिकारीची गोष्ट इतक्या लख्ख उजेडात येते की ती चालू असेपर्यंत वाचक पाय धुणं विसरतो. म्हणजे वर्तमान थांबलंच की! होमरला ते परवडतं. 1200 शब्दांच्या कथेला परवडेल?

मुळेकाका
आउअरबाख तसं म्हणतो खरा, मला ते पुरतं पटलेलं नाही. पण तुमचा मुद्दा घेतो: लख्ख उजेड नको. म्हणून सायली, चारशे शब्दांचे तीन वाटे करा.

फी आणि डिप्लोमा वाट बघतानाच वसंताच्या बायकोच्या बोलण्यात जाऊ द्या. 'ह्यांचा डिप्लोमा झाला म्हणून आज हे दिवस.' ती कौतुकाने बोलेल, सुमन ऐकेल. सोनाराच्या दुकानातला प्रसंग तेवढा फ्लॅशबॅकमध्ये ठेवा, शंभर-सव्वाशे शब्द. आणि आईचा शब्द फ्लॅशबॅकमध्ये आणूच नका. तो सुमनने हात मागे घेतल्यावर वसंताला तोंडाने सांगावा. अर्धी गोष्ट वाचकाला आधीच ठाऊक, उरलेली अर्धी त्याला आणि वसंताला एकदमच कळते. मागे गेल्यामुळे पुढचा संवाद जड होतो, तो असा.

सायली_त
करून बघितलं:

'ऑपरेटरने यंत्र पुढे सरकवलं. "डावा अंगठा." सुमनने अंगठा पदराला पुसला.
त्या दुपारी आई तिला सोनाराकडे घेऊन गेली होती. पाटल्या रुमालात बांधल्या होत्या. सोनाराने त्या काट्यावर ठेवल्या होत्या, मग कसोटीवर घासल्या होत्या. आई म्हणाली होती, घट धरू नका, अंगावर चढलेल्या नाहीत. सोनाराने सुमनच्या हाताकडे बघितलं होतं.
"ताई, अंगठा. मागे लोक थांबलेत."'

रानवारा
मस्त! पण 'होतं-होती'ने कान किटतात.

मुळेकाका
बरोबर पकडलंत. पहिली दोन 'होतं' राहू द्या, 'घेऊन गेली होती', 'बांधल्या होत्या'. तेवढ्यात वाचक मागे पोचतो. पुढे सरळ 'सोनाराने त्या काट्यावर ठेवल्या, कसोटीवर घासल्या, आई म्हणाली'. मात्र मग परतीची खूण लागते, कारण मूळ प्रसंगही साध्या भूतकाळातच आहे. तुमचा ऑपरेटर ते काम चोख करतो. सोनाराच्या दुकानात तो असूच शकत नाही, त्यामुळे त्याच्या पहिल्या शब्दाला आपण टेबलावर. त्याच्याऐवजी 'सुमन भानावर आली' लिहिलं असतंत तर मी लाल पेन काढलं असतं.

आणि 'आई सोनाराकडे जायची' असं रोजच्या सवयीचं रूप इथे चुकूनही नको. त्याने एक दुपार पुसट होते.

अनघा दे.
बाकावरच्यापेक्षा हे कितीतरी बरं, मान्य. पण बघा, यातलं एकच वाक्य काम करतं: 'अंगावर चढलेल्या नाहीत.' काटा, कसोटी ही सगळी सजावट. ते एक वाक्य पदराला अंगठा पुसताना येऊ द्या आणि लगेच ऑपरेटर. मी परिच्छेद ठेवणार नाही.

मुळेकाका
काटा उडवाल तर सोनाराने तिच्या हाताकडे बघायला वेळच उरत नाही. तो बघतो म्हणून तिला लाज वाटते आणि ती लाजच आज हात मागे घेते. नुसत्या वाक्याने आईची अडचण कळेल, मुलीची नाही.

अनघा दे.
लाज वाटली हे तुम्ही वाचलंत, तिने लिहिलेलं नाही. आणि लाजेने हात मागे येतो की रागाने? सायली, आधी हे ठरव. राग असेल तर सोनार नकोच, वसंताचा फी भरायला निघालेला चेहरा हवा.

सायली_त
राग असं मी धरून चालले होते. आता सोनाराचं ते बघणं सोडवत नाहीये. दोन्ही खर्डे लिहिते आणि कथा आधी न वाचलेल्या कुणाला तरी देते. वाचताना कुठे पान मागे उलटतात तेवढं बघायचंय.

पडद्यामागचा बंड्या
ऑपरेटरला अजून एक वाक्य द्या ना राव, छान कॅरेक्टर आहे.