मदत हवी आहे : पॉलिहाऊसच्या कागदाच्या जाडीबद्दल पुरवठादाराला पत्र लिहायचे आहे, मसुदा तपासून द्यावा

सचिव_कळमेश्वर

नमस्कार मंडळी,

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वर तालुक्यात आमची शेतकऱ्यांची छोटी सहकारी संस्था आहे आणि तिचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. आमच्या सहा सभासदांकडे प्रत्येकी १००८ चौरस मीटरची पॉलिहाऊस आहेत. त्यांत ढोबळी मिरची आणि काकडी घेतली जाते. यंदा सहाही ठिकाणचा वरचा कागद एकदम बदलायचा आहे, म्हणून संस्थेमार्फत एकत्र खरेदी ठरली आहे.

मागच्या खेपेचा अनुभव वाईट आहे. पावतीवर "२०० मायक्रॉन, यूव्ही, ३ वर्षे" एवढेच लिहिलेले होते. दुसऱ्या मे महिन्यात कागद कमानीच्या पाइपांवर सरळ रेषेत चिरत गेला. तक्रार केली तेव्हा पुरवठादाराने वादळाचे कारण सांगून हात वर केले. गोदामात त्याच रोलचा न वापरलेला तुकडा पडून होता. त्यातून ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन कापून मी इतवारीतल्या एका ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवला, तो ४१ ग्रॅम भरला. सराफ हसला, पण आकडा मात्र त्याने दोनदा वाचून दाखवला. या वजनावरून काही सिद्ध होते का, हे मला कळत नाही.

नव्या पुरवठादाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा असा आहे :

"महोदय, आमच्या संस्थेस सहा हरितगृहांच्या आच्छादनासाठी अतिनील किरणांना टिकणारी २०० मायक्रॉन जाडीची फिल्म हवी आहे. तरी आपल्या फिल्मची जाडी किती आहे, ती किती वर्षे टिकेल व दर काय राहील, हे कृपया लेखी कळवावे."

यात काय घालावे, काय काढावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

वर्धारोड_२

सचिव साहेब, माझा स्पष्ट सल्ला असा की २०० च्या भानगडीत पडूच नका, सरळ २५० मायक्रॉन मागा. आमच्याकडे जुन्या लोकांत अजून गेजची भाषा चालते. ८०० गेज म्हणजे २०० मायक्रॉन आणि १००० गेज म्हणजे २५०. जितका कागद जाड, तितका तो जास्त टिकतो, हा साधा हिशोब आहे. थोडे पैसे जास्त जातील, पण विदर्भाच्या उन्हाला दुसरा इलाज नाही.

भिवापूरकर

आमच्या शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद टाकला आहे आणि त्याला अजून काहीही झालेले नाही. तुम्ही २०० चा का घेता ते समजले नाही. तळ्याच्या काठावर जिथे कागद उघडा राहतो तिथे मात्र उंदरांनी कुरतडला आहे, त्यावर कुणाकडे उपाय असल्यास सांगावे.

सचिव_कळमेश्वर

भिवापूरकर भाऊ, तळ्याचा कागद वेगळा असतो. त्यातून उजेड जायची गरज नसते, आमच्याकडे मात्र उजेडावरच पीक उभे असते. उंदरांसाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

फिल्मवाले_काका

मी बरीच वर्षे फिल्म बनवण्याच्या कामात काढली आहेत, आता निवृत्त आहे. आधी तुमच्या ४१ ग्रॅमबद्दल सांगतो, कारण तुमच्या हातातली सर्वांत मोलाची वस्तू तीच आहे.

पॉलिथिनची घनता साधारण ०.९२ धरतात. त्या हिशोबाने २०० मायक्रॉनचा एक चौरस मीटर कागद १८४ ग्रॅम भरायला हवा. तुमचा चौकोन पाव चौरस मीटरचा, म्हणजे तो ४६ ग्रॅम भरायला हवा होता. तो ४१ भरला, म्हणजे चौरस मीटरला १६४ ग्रॅम, आणि जाडी आली साधारण १७८ मायक्रॉन. कापताना बाजू अर्धा सेंटिमीटर चुकली असेल तरी एवढा फरक पडत नाही. शिवाय प्रकाश पसरवण्यासाठी घातलेल्या भुकटीने किंवा ईव्हीएमुळे घनता वाढते, कमी होत नाही. तेव्हा प्रत्यक्ष जाडी १७८ पेक्षाही थोडी कमीच असू शकते, जास्त नाही.

मात्र एका तुकड्यावरून संपूर्ण रोल पातळ होता असे म्हणता येत नाही. फिल्म फुग्यासारखी फुगवून काढतात आणि डायच्या कडेने कुठे जाड, कुठे पातळ पट्टे पडतात. म्हणून "जाडी किती" या प्रश्नाला "२००" असे उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. तो सरासरी सांगतो, किंवा नुसते छापील नाव सांगतो. तुम्ही सरासरी वेगळी विचारा, सर्वांत पातळ जागी किती भरेल ते वेगळे विचारा, आणि रुंदीवर समान अंतरावर दहा ठिकाणी मोजून देण्याची अट घाला. मोजायला डायल असलेले जाडीमापक हवे. स्क्रू गेजने मऊ फिल्म बोटांच्या जोरावर दाबली जाते आणि ज्याला जो आकडा हवा तो निघतो.

याहून सोपी अट रोलच्या वजनाची आहे. समजा ७ मीटर रुंद आणि ५० मीटर लांब रोल आला, तर तो ३५० चौरस मीटर झाला आणि त्याचे निव्वळ वजन ६४ किलोच्या वर हवे. पुठ्ठ्याच्या नळीचे वजन आधी वजा करा, नाहीतर तुम्ही नळीही कागदाच्या भावाने विकत घ्याल. माल उतरवताना लांबी-रुंदी टेपने मोजून धर्मकाट्यावर नव्हे, तर गोदामातल्या प्लॅटफॉर्म काट्यावर प्रत्येक रोल वेगळा तोलावा.

वर्धारोड_२

म्हणजे माझेच बरोबर ठरले ना? कागद पातळ होता म्हणून फाटला.

फिल्मवाले_काका

अर्धे बरोबर आहे. जाडीने कागद ओढाताणीला आणि वाऱ्याला जास्त तोंड देतो, आणि आयुष्यही काही प्रमाणात वाढते, हे खरे. पण उन्हाने कागद कुजणे थांबते ते त्यात मिसळलेल्या स्टॅबिलायझरमुळे, आणि तो किती व कोणता घातला आहे हे जाडी मोजून कळत नाही. स्टॅबिलायझर कमी असलेला २५० चा कागद नीट बनवलेल्या २०० च्या आधी जाईल.

म्हणून "किती वर्षे" हेही विचारू नका. वर्ष कुठले? उत्तर युरोपातले की नागपूरचे? फिल्मचे आयुष्य किलोलँगलीत मागा, म्हणजे फिल्मवर एकूण किती सौर ऊर्जा पडेपर्यंत ती टिकेल याचा आकडा. नागपूरला वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चौरस मीटरवर पाच किलोवॉट-तासांच्या आसपास ऊर्जा पडते. तिचे वर्षाला दीडशे किलोलँगलीपेक्षा थोडे जास्त होतात. वर्षाला शंभर किलोलँगलीच्या मुलखासाठी "३ वर्षे" म्हणून विकलेली फिल्म तीनशेची झाली, ती आपल्याकडे दोन वर्षेही पुरत नाही. तुम्हाला इथे खरी तीन वर्षे हवी असतील तर साडेचारशेच्या वरचा आकडा लेखी मागा, आणि तेवढ्या माऱ्यानंतर फिल्मची ताणण्याची क्षमता मूळच्या निम्म्याहून खाली जाणार नाही, हेही त्यात लिहून घ्या. हा निकष नसेल तर "टिकली" म्हणजे काय यावर पुढे वाद होतो.

रोपवाटिका_हिंगणा

सचिव साहेब, एक विचारायचे आहे. तुमच्या सभासदांपैकी कुणी भुरीसाठी रात्री गंधकाची धुरी देतात का? आमच्याकडे ज्या कोपऱ्यात गंधकाचे भांडे टांगलेले असायचे, त्याच्या वरचा कागद बाकीच्यांच्या कितीतरी आधी गेला. हाताने ओढला तर रबरासारखा लांबायच्या ऐवजी पापडासारखा तुटला.

सचिव_कळमेश्वर

सहापैकी चौघे देतात, आणि आपण म्हणता ते वाचून मी त्यांना फोन केले. एकाकडे भांड्यांच्या वर फाटले आहे, पण बाकी तिघांकडे मुख्यतः पाइपांवरच गेले आहे. धुरी न देणाऱ्या दोघांकडेही पाइपांवर चिरले आहेच.

फिल्मवाले_काका

हिंगण्याच्या मंडळींनी नेमके बोट ठेवले. अमाइन गटातले नेहमीचे स्टॅबिलायझर गंधकाच्या आम्लामुळे निकामी होतात. क्लोरीन असलेल्या कीडनाशकांचेही तसेच. गंधक सोसणारी फिल्म वेगळी मिळते आणि महागही असते. पत्रात धुरीची गोष्ट लपवू नका, उलट वर्षाला किती गंधक जळते ते लिहून त्या प्रमाणाला हमी लागू आहे का, असे विचारा. बहुतेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत गंधकाची मर्यादा असते आणि दावा तिथेच अडतो.

पाइपांचे कारण उष्णता. नागपूरच्या मेमध्ये जीआय पाइप तापून लाल व्हायचा तेवढा बाकी असतो, आणि त्याला टेकलेला कागद तिथेच आधी म्हातारा होतो. कागद चढवण्याआधी पाइपाची वरची बाजू पांढऱ्या रंगाने रंगवा किंवा पांढरी पट्टी लावा. हमीत पाइपावरची फाट धरली आहे की वगळली आहे, हेही विचारा.

वर्धारोड_२

पण मग जुन्या पुरवठादाराकडून पैसे मिळतील का, हे कोण सांगेल? ४१ ग्रॅम तर पुराव्यात आहेत.

फिल्मवाले_काका

पातळ कागद दिला, एवढे त्यातून दिसते. पातळपणामुळेच फाटला, हे त्यातून ठरत नाही. उरलेला तुकडा अजून कापू नका. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये फिल्मची चाचणी करून मिळते, तिथे पाठवण्याचा विचार करावा.

सचिव_कळमेश्वर

सर्वांचे आभार. मसुदा पुन्हा लिहिला आहे, तो असा :

"महोदय, आमच्या संस्थेस सहा हरितगृहांसाठी (प्रत्येकी १००८ चौरस मीटर) आयएस १५८२७ नुसार २०० मायक्रॉनची अतिनील-स्थिर फिल्म हवी आहे. फिल्मची सरासरी जाडी आणि रुंदीवर दहा ठिकाणी मोजल्यास सर्वांत पातळ जागी येणारी जाडी वेगवेगळी कळवावी, तसेच प्रत्येक रोलची लांबी, रुंदी व नळी वगळून निव्वळ वजन बिलावर नमूद करण्यास आपली तयारी आहे का, हेही कळवावे. चौरस मीटरला १८० ग्रॅमपेक्षा कमी भरणारा रोल आम्ही परत करू. फिल्मचे आयुष्य वर्षांत न सांगता किलोलँगलीत, आणि ताणण्याची क्षमता निम्मी होण्याच्या निकषावर सांगावे. आमचे चार सभासद भुरीसाठी गंधकाची धुरी देतात. त्यांच्या वार्षिक वापराचा तक्ता सोबत जोडला असून, त्या प्रमाणास आणि पाइपांवरील फाटीस आपली हमी लागू आहे किंवा नाही, याचे स्पष्ट उत्तर अपेक्षित आहे."

तक्त्यासाठी एका सभासदाकडे कसलीच नोंद नाही. "मुठीने टाकतो" असे ते म्हणतात. उद्या त्यांची मूठ काट्यावर तोलणार आहे, मग पत्र रवाना करतो.

रोपवाटिका_हिंगणा

१८० ग्रॅमची अट बघून काही जण उत्तरच देणार नाहीत, एवढे धरून चाला. ज्यांचे उत्तर येईल ते इथे टाका, आम्हालाही पुढच्या वर्षी कागद बदलायचा आहे.