प्रतिसाद: भाडं आणि देखभाल वेगळी कशी करायची?

> "बिलात देखभालीची रक्कम वेगळी लिहिलेली आहे. तीच वजा करून उरलेलं भाडं धरलं तर चालेल ना?"

नाही. भाडेकरारांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक आयएफआरएस 16 नुसार कराराच्या एकूण रकमेची वाटणी भाडं आणि देखभाल यांच्या स्वतंत्र किमतींच्या प्रमाणात होते. बिलातले आकडे पुरवठादाराने सोयीने टाकलेले असू शकतात.

समजा, यंत्राचा करार 5 वर्षांचा, दरवर्षी वर्षअखेर 1,00,000. बाजारात नुसत्या यंत्राचं भाडं 90,000 आणि तशीच देखभाल 30,000, म्हणजे प्रमाण 3:1. त्यामुळे 75,000 भाडं, 25,000 देखभाल. बिलात देखभाल 30,000 लिहिली असती, तर तुमच्या वजाबाकीने भाडं 70,000 आलं असतं, कारण एकत्र घेतल्याची सगळी सवलत भाड्यावरच पडली असती.

8 टक्के दराने 75,000 च्या पाच हप्त्यांचं आजचं मूल्य, म्हणजे ताळेबंदातलं भाड्याचं दायित्व, सुमारे 2,99,500 होतं. देखभालीचा खर्च सेवा मिळेल तसा नफा-तोट्यात जातो. वाटणी न करण्याची मुभा भाडेकरूला आहे, पण मग दायित्व 3,99,300 च्या आसपास जातं, शिवाय ती त्या प्रकारच्या सगळ्या मालमत्तांना लावावी लागते. देखभाल मोठी असेल तर मी ती मुभा घेणार नाही. कर्जाच्या अटी मोडायची वेळ याच फुगलेल्या आकड्याने येते.

आणि हो, विमा किंवा प्रशासकीय शुल्क वेगळा घटक धरू नका. त्यातून तुम्हाला सेवा मिळत नाही, म्हणून ती रक्कम एकूण मोबदल्यात मिळवून याच प्रमाणात वाटायची.