दोन पुट स्प्रेड, ५० पॉइंटांची सारखीच रुंदी: नफ्याची शक्यता बघायची की अपेक्षित मूल्य?

उभी_रेघ: भाव १०००, एक्स्पायरीला ३० दिवस. ट्रेड अ: ९५० चा पुट, म्हणजे त्या भावाला शेअर विकण्याचा हक्क, विकून ९०० चा घ्यायचा, हातात १० पॉइंट प्रीमियम. ट्रेड ब: ९३० विकून ८८० घ्यायचा, हातात ५. सॉफ्टवेअर अ ला ७७ टक्के आणि ब ला ८२ टक्के नफ्याची शक्यता दाखवतं. मग ब घेणंच शहाणपणाचं ना?

शांत_पाणी: ब घ्या. खातं छोटं असेल तर सरासरी गाठण्याइतके ट्रेड होतच नाहीत. ओळीने तीन तोटे आले की माणूस पद्धतच सोडून देतो, आणि ब मध्ये तसं होण्याची शक्यता कमी.

गणिती: तोट्यांची संख्या कमी हे बरोबर, पण तोट्याचा आकार? ब चा पूर्ण तोटा ४५ चा, म्हणजे एक भरून काढायला नऊ पूर्ण नफे लागतात. अ चा पूर्ण तोटा ४० चा, तिथे चार नफ्यांत भागतं. ८२ टक्के या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

टोकाचा_भाव: मी ७७ टक्के × १० वजा २३ टक्के × ४० असं केलं. उत्तर उणे १.५ आलं. ब चं तर उणे ४ च्या आसपास. म्हणजे दोन्ही टाकाऊ?

गणिती: या सूत्रात प्रत्येक तोटा पूर्ण तोटा धरला जातो, म्हणून दोन्ही उत्तरं खाली येतात. दोन स्ट्राइकच्या, म्हणजे अ मध्ये ९५० आणि ९०० च्या, मधला पट्टा वेगळा काढायला हवा. वार्षिक अस्थिरता २८ टक्के धरली तर अ मध्ये ९५० च्या वर बंद होण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के, तिथे पूर्ण १० मिळतात. ९०० च्या खाली १० टक्के, तिथे ४० जातात. उरलेल्या १७ टक्क्यांत कधी थोडा नफा, कधी मोठा तोटा, सरासरी १३ चा तोटा. ७.३ वजा २.२ वजा ४, म्हणजे साधारण अधिक १.१.

ब ला हीच फूटपट्टी लावा: ८१ टक्के वेळा ५ मिळतात, १३ टक्के वेळा सरासरी १७ जातात, ६ टक्के वेळा ४५ जातात. बेरीज उणे ०.९. जास्त वेळा जिंकणारा ट्रेड इथे सरासरीने पैसे घालवतो, कारण पत्करलेल्या धोक्याच्या मानाने ५ पॉइंट कमी पडतात. ६ च्या आसपास मिळाले असते तर तो बरोबरीत आला असता.

शांत_पाणी: पण हा २८ आकडा ठरवला कोणी? ३१ धरून बघा.

गणिती: ३१ ला अ सुद्धा किंचित उण्यात जातो, साधारण उणे ०.३. तुमचा आक्षेप रास्त आहे: अधिक १.१ वर विसंबून ट्रेड मोठा करणं धोक्याचं. पण ३१ ला ब उणे २ च्याही खाली जातो. भाव आणि एक्स्पायरी एकच असताना दोघांतला क्रम सहसा टिकतो; दोन्ही वेगवेगळ्या शेअरवर असते तर तेवढीही खात्री दिली नसती.

शांत_पाणी: क्रमावर वाद नाही. माझं म्हणणं एवढंच की अंदाज इतका नाजूक असेल तर कमी वेळा हरणं हाही निकष धरायला हवा. आणि दोन्ही स्ट्राइकना एकच अस्थिरता लावली आहे. खालच्या पुटांची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे त्यांच्या प्रीमियमवरून निघणारी अस्थिरता, सहसा जास्त असते.

गणिती: ती मर्यादा आहेच. पण खालचं टोक जाड धरलं तर ब मधले ६ टक्के वाढतात, म्हणजे ब आणखी बिघडतो. अ चंही बिघडेल. किती, ते स्ट्राइकनुसार बदलणाऱ्या अस्थिरतेच्या वक्राचा आकार ठरवेल.

निम्म्यावर_बाहेर: मी एक्स्पायरीपर्यंत थांबतच नाही. निम्मं प्रीमियम मिळालं की बंद. त्यामुळे माझी शक्यता ९० च्या घरात जाते. मग ब चालेल?

गणिती: ती शक्यता वाढते, पण मिळतात अडीचच पॉइंट आणि अधूनमधून येणारा मोठा तोटा तसाच राहतो. बाजारभाव तुमच्या अंदाजाशी जुळत असेल तर लवकर बाहेर पडून सरासरी सुधारत नाही, चढउतार तेवढे कमी होतात. शिवाय बाहेर पडताना दोन लेग, म्हणजे दोन पुटांचे आणखी दोन सौदे, वाढतात. प्रत्येक लेगला धरलेल्या भावापेक्षा वाईट भाव मिळून ०.३ पॉइंट स्लिपेज गेलं तर चार लेगचे १.२ होतात. अ चा सगळा फायदा तिथेच संपला.

उभी_रेघ: म्हणजे लवकर बंद करायचं असेल तर अ सुद्धा घेऊ नये?

गणिती: ९५० आणि ९०० च्या बिड-आस्कमधला फरक बघा. लिमिट ऑर्डर लावून १० खरंच मिळतात का, ते आधी कळू दे. ९ वरच भरली तर अधिक १.१ चं ०.१ होतं.

शांत_पाणी: आणि तशा वेळी मी दोन्ही सोडून देईन.